लाल अक्षरे, हिरवा ऊस

रस्त्यापलीकडच्या फ्लेक्सचा फोटो काढला आणि घरी येऊन मोठा करून पाहिला, तर अक्षरे दिसतात पण वाचता येत नाहीत, असे अनेकदा घडते. फोटो खराब आला, असे म्हणून माणूस तो सोडून देतो. प्रत्यक्षात त्या फोटोत तीन निरनिराळ्या उणिवा एकमेकींत मिसळलेल्या असतात. अक्षर अंतरामुळे लहान झालेले असते, अक्षर आणि त्यामागचा रंग यांच्या उजळपणात फरक उरलेला नसतो, आणि पार्श्वभूमीवर छापलेल्या चित्राच्या रेषा अक्षरांच्या रेषांत घुसलेल्या असतात. पहिली उणीव फोटो काढतानाच भरून काढावी लागते, नंतर तिच्यावर उपाय नाही. दुसरी आणि तिसरी मात्र पुढे संगणकावर बऱ्याच अंशी दूर करता येतात. म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा ठरतो.

उदाहरणासाठी कृषी प्रदर्शनाचा एक फलक घेऊ. चौकात दोन खांबांना बांधलेला, वीस फूट रुंद आणि दहा फूट उंच. मागे उभ्या उसाच्या फडाचा मोठा फोटो छापलेला, त्यावर लाल अक्षरांत मजकूर. वरचे शीर्षक साठ सेंटिमीटर उंचीचे, मधली तारखेची आणि ठिकाणाची ओळ पंचवीस सेंटिमीटरची, तळाशी संपर्काचा मोबाइल क्रमांक दहा सेंटिमीटरचा. फोटो काढणारा साठ मीटरवर, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला उभा आहे.

पहिला हिशेब पिक्सेलचा. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याची भिंग-लांबी बहुधा २६ मिलिमीटरच्या आसपास सांगितलेली असते. असा कॅमेरा जितक्या अंतरावरून पाहतो त्याच्या सुमारे १.३ पट रुंदीचा देखावा चौकटीत घेतो. म्हणजे साठ मीटरवरून जवळजवळ ऐंशी मीटर रुंदीचा चौक एका फोटोत येतो. बारा मेगापिक्सेलच्या फोटोच्या रुंदीत चार हजार पिक्सेल असतात. ते ऐंशी मीटरांत वाटले की मीटरला पन्नास, म्हणजे दर दोन सेंटिमीटरला एक पिक्सेल मिळतो. शीर्षकाच्या अक्षराला तीस पिक्सेल उंची मिळाली, तारखेच्या ओळीला बारा-तेरा आणि मोबाइल क्रमांकाला अवघी पाच.

अक्षर ओळखणाऱ्या संगणकीय साधनांना किती उंची लागते, याचा अंदाज ठरलेला आहे. टेसरॅक्ट हे मुक्त आणि बरेच वापरले जाणारे साधन रोमन लिपीतली लहान अक्षरे वीसेक पिक्सेल उंचीची असली की चांगले वाचते. दहाच्या खाली फारशी आशा नसते आणि आठच्या खाली अक्षरे कचरा समजून पुसलीच जातात. देवनागरीची गरज याहून थोडी जास्तच धरावी, कारण एका अक्षराच्या उंचीत शिरोरेषा, वरची मात्रा, खालचा उकार आणि अनुस्वाराचा ठिपका एवढे सगळे मावायचे असते. बारा पिक्सेलच्या अक्षरावर अनुस्वार दीड-दोन पिक्सेलचा होतो, आणि एवढ्या लहान ठिपक्यात व उसाच्या पानावरच्या चमकेत फरक करता येत नाही. तेव्हा या फोटोतून शीर्षक वाचले जाईल, तारीख कदाचित आणि मोबाइल क्रमांक नाही, हे बटण दाबण्याआधीच सांगता येते.

पिक्सेल वाढवण्याचे खरे मार्ग दोनच आहेत: पुढे चालत जाणे किंवा दूरची भिंग वापरणे. अंतर निम्मे झाले की अक्षराची उंची दुप्पट होते. ज्या फोनमध्ये तिप्पट झूमची स्वतंत्र भिंग असते, तिची लांबी सुमारे ७७ मिलिमीटर असते आणि साठ मीटरवरूनही ती तारखेच्या ओळीला सदतीस पिक्सेल देते. बोटांनी पडदा ताणून मिळणारा झूम याहून वेगळा. त्यात मुख्य कॅमेऱ्याच्या फोटोचा मधला तुकडा कापून फुगवलेला असतो, नवी माहिती काही नसते. गोंधळ असा की पडद्यावर ‘3x’ दिसत असतानाही उजेड कमी असला तर काही फोन दूरची भिंग सोडून मुख्य कॅमेऱ्यातूनच फोटो काढतात. तपासायची युक्ती सोपी आहे. दूरच्या भिंगेवर बोट ठेवावे. पडद्यावरचे चित्र झाकले गेले नाही, तर ती भिंग वापरातच नाही.

कोनही पिक्सेल खातो. फलकासमोर उभे न राहता पंचेचाळीस अंशांवरून फोटो काढला, तर अक्षरांची रुंदी सुमारे सत्तर टक्के उरते. पन्नास पावले चालून फलकाच्या समोर येणे हा कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा मोठा उपाय असतो. दुपारी तापलेल्या डांबरावरून उठणारी हवा दूरच्या रेषा थरथरवते, म्हणून सकाळची वेळ बरी. सैल बांधलेला फ्लेक्स वाऱ्याने फडफडतो. एका सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतका किंवा त्याहून कमी वेळ उघडणारा शटर ठेवला तर अक्षरांची हालचाल गोठते, आणि दहा-बारा फोटो लागोपाठ घेतले तर त्यांतला एखादा तरी कापड ताणलेले असतानाचा निघतो. आकाश उजळ आणि फलक सावलीत असेल तेव्हा पडद्यावर फलकाच्या जागीच बोट टेकवून उजेड ठरवावा, नाहीतर फोन आकाश सांभाळतो आणि अक्षरे काळवंडतात.

फोटो हाती आल्यावर त्याचे पहिले शत्रुत्व व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या पद्धतीने पाठवण्याशी असते. तिथे फोटो लहान केला जातो आणि पुन्हा दाबून साठवला जातो. तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी पोचते. रंगाच्या बाबतीत हे का महत्त्वाचे आहे, ते पुढे येईलच.

आता दुसरी उणीव. लाल अक्षरे हिरव्या उसावर डोळ्यांना बऱ्यापैकी दिसतात, पण अक्षर ओळखणारी बहुतेक साधने आधी फोटो करड्या छटांत बदलतात. त्यासाठी वापरले जाणारे प्रमाण जुने आहे: लाल रंगाचे ०.२९९, हिरव्याचे ०.५८७ आणि निळ्याचे ०.११४ भाग एकत्र करायचे. डोळा हिरव्या उजेडाला सर्वांत जास्त दाद देतो, म्हणून हिरव्याचा वाटा मोठा. आपल्या फलकावरच्या अक्षराचा रंग मोजला तर तो लाल २००, हिरवा २०, निळा २० असा निघतो, असे धरू. करड्या छटेत त्याचे मूल्य होते ७४. उसाच्या पानांमधली सावलीची जागा लाल ५०, हिरवा ९०, निळा ४० अशी असेल, तर तिचे करडे मूल्य होते ७२. शून्य ते दोनशे पंचावन्न अशा मापावर दोनचा फरक म्हणजे काहीच नाही. रंगीत फोटोत ठसठशीत दिसणारे अक्षर करड्या फोटोत अक्षरशः विरघळून जाते. यंत्राला काही सापडले नाही की दोष यंत्राला दिला जातो, पण अक्षर त्याच्यापर्यंत पोचलेलेच नसते.

याची परीक्षा कोणालाही घेता येते. फोनमध्ये फोटो कृष्णधवल करून पाहावा. अक्षरे नाहीशी झाली, तर अडचण रंगाच्या रूपांतरात आहे आणि ती सोडवता येण्याजोगी आहे. अक्षरे दिसतात पण धूसर आहेत, तर अडचण पिक्सेलची किंवा हलण्याची आहे.

रंगीत फोटो म्हणजे एकावर एक ठेवलेली तीन करडी चित्रे असतात: लालाचे, हिरव्याचे आणि निळ्याचे. फक्त लालाचे चित्र घेतले तर अक्षर २०० आणि सावलीची जागा ५० अशी दीडशेची दरी मिळते. जिंप या मुफ्त चित्र-संपादकात रंगांची ही फोड करता येते, किंवा इमेजमॅजिक हे साधन असेल तर एका ओळीत काम होते:

```
magick falak.jpg -channel R -separate lal.png
```

इथे थांबले तर मात्र अर्धेच काम होते. उसाच्या फोटोत सावलीइतकीच उन्हात चमकणारी पानेही असतात. त्यांचा रंग लाल १५०, हिरवा १८०, निळा ७० असा धरला, तर लालाच्या चित्रात पान १५० आणि अक्षर २०० होते. दीडशेची दरी पन्नासवर आली. वाळलेली पिवळसर पाती लाल १९०, हिरवा १८० अशी असली, तर ती अक्षराच्या जवळजवळ बरोबरीला येते, आणि लांब निमुळती पाती अक्षराच्या दांड्यासारखी दिसते. ही तिसरी उणीव, म्हणजे गजबजलेली पार्श्वभूमी.

उपाय वजाबाकीत आहे. प्रत्येक ठिकाणी लालातून हिरवा वजा करायचा. अक्षराचे उत्तर येते १८०. सावलीच्या पानाचे वजा ४०, उन्हातल्या पानाचे वजा ३०, पिवळ्या पात्याचे अधिक १०. ऊन असो वा सावली, पानाचे लाल आणि हिरवे दोन्ही एकदम वाढतात किंवा घटतात, म्हणून वजाबाकीत ऊन-सावलीचा खेळ बहुतांशी संपतो आणि रंगाचा फरक तेवढा उरतो. करड्या चित्रात ७२ ते १७० अशी भटकणारी पार्श्वभूमी आता वजा ४० ते १० एवढ्या पट्ट्यात बसते आणि अक्षर तिच्यापासून दूर उभे राहते. फ्लेक्सचा मजकूर सोडवण्यात सर्वांत जास्त फायदा देणारी पायरी हीच. प्रत्येक फलकाची वजाबाकी वेगळी असते: निळ्या आकाशावर पिवळा मजकूर असेल तर लालातून निळा, भगव्यावर जांभळा असेल तर आणखी काही. अक्षराच्या मध्यातला आणि पार्श्वभूमीतल्या तीन-चार जागांचा रंग मोजायचा आणि ज्या वजाबाकीत त्या जागा एकमेकींजवळ पण अक्षरापासून लांब जातात ती निवडायची.

वजाबाकीची किंमतही असते. दोन चित्रांतला दाणेदारपणा एकत्र येऊन वाढतो, म्हणून संध्याकाळच्या फोटोत ही पद्धत अक्षराबरोबर कणही उठवते. त्यावर उपाय म्हणजे लागोपाठ घेतलेले नऊ फोटो एकमेकांवर नीट जुळवून त्यांची सरासरी काढणे. दाणेदारपणा तिसऱ्या हिश्श्यावर येतो. दुसरी किंमत जेपेग स्वरूपाची. जागा वाचवण्यासाठी जेपेग फाइलमध्ये उजळपणा पूर्ण बारकाव्याने साठवतात, पण रंगाची माहिती बहुधा आडवी आणि उभी दोन्हीकडे निम्म्या बारकाव्याने. माणसाला हे कळत नाही, पण ज्या अक्षराचा भेद केवळ रंगात आहे त्याला ते भोवते: सदतीस पिक्सेलच्या अक्षराला रंगाचे साधारण अठराच पिक्सेल मिळतात. व्हॉट्सअ‍ॅपचा प्रवास यातलेही उरलेसुरले खातो. फोनमध्ये रॉ स्वरूपात फोटो घेण्याची सोय असेल, तर अशा फलकासाठी ती जरूर वापरावी.

फ्लेक्स बनवणारे अनेकदा अक्षराला पांढरी कड आणि काळी सावली देतात. पांढऱ्यात लाल आणि हिरवा सारखेच असल्यामुळे वजाबाकीत ती कड शून्य होऊन पार्श्वभूमीत मिसळते, काळी सावलीही तशीच, आणि लाल भराव एकटा उरतो. पण भरावच हिरवा असेल तर उलट करायचे. तेव्हा उजळपणाच्या चित्रातली पांढरी कड हाच आधार. त्यातून पोकळ अक्षरे मिळतात आणि त्यांचे पोट नंतर भरून घ्यावे लागते.

रंगाची निवड झाली की फलक सरळ करायचा. फ्लेक्स मुळात आयताकार असतो आणि त्याचे माप माहीत असते, ही इथे मोठी सोय आहे. फोटोतले चार कोपरे दाखवून ते दोनास एक अशा आयतात ओढले की तिरपेपणा जातो. दूरच्या टोकाची अक्षरे ताणली जातात, त्यांना नवे तपशील मिळत नाहीत, पण ओळ आडवी होते. दोन खांबांमध्ये पोट सुटलेल्या फलकाला मात्र चार कोपरे पुरत नाहीत. तिथे देवनागरीची शिरोरेषा मदतीला येते. छापताना ती सरळ होती हे ठाऊक असते, तेव्हा फोटोतला तिचा बाक म्हणजेच कापडाचा बाक. प्रत्येक ओळ वेगळी कापून तिची शिरोरेषा सरळ होईपर्यंत वाकवली की बाकीचे अक्षर आपोआप जागेवर येते.

ओळ कापल्यावर ती दुप्पट-तिप्पट मोठी करावी, आणि मगच अक्षर काळे, बाकी पांढरे असा निवाडा करावा. क्रम उलटला तर लहान चित्रातल्या अनुस्वाराचा ठिपका एका झटक्यात पुसला जातो. निवाड्यासाठी सीमारेषा लागते. जपानी शास्त्रज्ञ ओत्सु यांनी १९७९ मध्ये दिलेली पद्धत सगळ्या चित्रासाठी एकच सीमा शोधते; वजाबाकी नीट जमली असेल तर तेवढे पुरते. फलकाचा एक भाग उन्हात आणि एक झाडाच्या सावलीत असेल तर ती फसते, आणि मग जागोजागी वेगळी सीमा ठरवणारी सौवोला पद्धत घ्यावी लागते. तिच्यात किती परिसर पाहायचा हे सांगावे लागते. तो अक्षराच्या उंचीइतका तरी असावा. फार लहान ठेवला तर जाड दांडे आतून पोकळ होतात, आणि ती खूण दिसली की परिसर वाढवायचा.

मग यंत्राने वाचायचे. टेसरॅक्टला पांढऱ्यावर काळी अक्षरे आणि भोवती थोडा मोकळा समास आवडतो. चित्रात एकच ओळ आहे हेही सांगून टाकावे, नाहीतर ते पानासारखी मांडणी शोधत बसते:

```
tesseract tarikh.png nikal -l mar --psm 7
```

ईझीओसीआरसारखी साधने रस्त्यावरच्या पाट्यांचा विचार करून घडवलेली आहेत. ती आधी फोटोत मजकूर कुठे आहे ते शोधतात, मग तो वाचतात, आणि मराठीही जाणतात. शीर्षकासारखी मोठी अक्षरे ती तयारीशिवायही उचलतात. फ्लेक्सवरचे नक्षीदार फाँट मात्र दोन्ही प्रकारच्या साधनांना जड जातात, विशेषतः शिरोरेषा तोडलेले किंवा लपेटीचे.

शीर्षक निघाले: ‘कृषी प्रदर्शन’. तारखेच्या ओळीत साधनाने दिले ‘शनिवार दि. १९ जानेवारी २०२५’, आणि ठिकाणाच्या जागी ‘मोर’. देवनागरीत दूरवरून नेमक्या याच जागा फसवतात. १ आणि ९, भ आणि म, व आणि ब, घ आणि ध यांतला भेद एका लहानशा गाठीचा किंवा तिरप्या रेघेचा असतो, आणि ती गाठ दोन-तीन पिक्सेलांत मावते. भोरचे मोर होते, वाईची बाई होते. शिवाय वाचणारे साधन ओळखीच्या शब्दाकडे झुकते, त्यामुळे गावाचे नाव चुकते तेव्हा त्याची चूक वाचायला अगदी बिनधोक वाटते.

तपासणीसाठी फलकावरचाच मजकूर वापरावा. १९ जानेवारी २०२५ ला रविवार होता, शनिवार ११ तारखेला होता. वाराचे नाव चार-पाच अक्षरांचे असल्याने ते सहसा बरोबर वाचले जाते, म्हणजे आकडा ११ असणार. पुन्हा फोटोकडे पाहिले की दुसऱ्या आकड्याला चिकटलेले उसाचे पाते दिसते. ठिकाणासाठी तीच ओळ दुप्पट, अडीचपट आणि तिप्पट आकारात, सीमा थोडी वरखाली करून पाच-सहा वेळा वाचावी. प्रत्येक वेळी तेच उत्तर आले तर ते चित्रातले. उत्तर बदलत राहिले तर ते साधनाच्या अंदाजातले. इथे दोनदा ‘भोर’ आणि चारदा ‘मोर’ आले, तर बहुमत मानायचे नसते. लागोपाठच्या दुसऱ्या फोटोतली तीच जागा पाहायची आणि ‘ता.’ हा तालुक्याचा संक्षेप शेजारी आहे का ते शोधायचे. तो असेल तर पुणे जिल्ह्यातला भोर तालुका ठरतो.

धूसर फोटो ‘स्पष्ट’ करून देणाऱ्या ॲपपासून या टप्प्यावर सावध राहायला हवे. ती पाहिलेल्या हजारो चित्रांवरून संभवनीय कडा काढून भरतात. चेहऱ्याच्या फोटोत ते खपते. अक्षरात मात्र भ आणि म यांपैकी एक निवडला जातो, तो धारदार रेषेत रेखला जातो, आणि मूळ शंका दिसेनाशी होते. वाचायला आधार म्हणून असे चित्र शेजारी ठेवता येईल, पुरावा म्हणून नाही.

मोबाइल क्रमांक राहिला. दूरच्या भिंगेनेही त्याला पंधराच पिक्सेल मिळाले. क्रमांक दहा आकड्यांचा आहे आणि पहिला आकडा ६, ७, ८ किंवा ९ असणार, एवढीच बाहेरून मदत. एक आकडा चुकला तर तो पकडणारी कोणतीही अंतर्गत पडताळणी त्यात नसते. रोमन आकड्यांतले ३ आणि ८, ५ आणि ६ या उंचीला सारखेच डाग दिसतात. अशा ओळीत जे आकडे प्रत्येक वाचनात टिकले तेवढे लिहायचे आणि बाकीच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवायचे. मग रस्ता ओलांडून, फलकासमोर तीस मीटरवर उभे राहून, त्याच भिंगेने केवळ खालच्या पट्टीचे दहा फोटो घ्यायचे. तिथून त्या आकड्यांना तीस पिक्सेल उंची मिळते.